सात काठ्या हवेत, एक हातात: नोकरीच्या उत्तराची वाट आणि एट ऑफ वाँड्स

पालख्या रविवारी सकाळी पुण्यातून पुढे निघाल्या आणि सोमवारी दुपारी ती माझ्याकडे टॅरो वाचनासाठी आली. वय 29. हायड्रॉलिक्समध्ये एम.टेक., एका खासगी कंपनीत नद्यांच्या आणि बंधाऱ्यांच्या प्रवाहाची मॉडेलं करते. तिने नॉर्वेतल्या ट्राँडहाइममध्ये जलविद्युत क्षेत्रातल्या एका जागेसाठी मे महिन्यात अर्ज केला होता. 10 जूनला व्हिडिओवर मुलाखत झाली, चांगली झाली, आणि त्यानंतर तिकडून एक अक्षर नाही. तेरा दिवस झाले होते. हे प्रकरण मी तिच्या परवानगीने लिहिते आहे. तिची ओळख पटेल असं काही ठेवलेलं नाही.

आल्या आल्या तिने फोन टेबलावर पालथा ठेवला. मग उचलून पुन्हा सुलटा ठेवला. तिकडे सकाळचे आठ वाजतात तेव्हा आपल्याकडे साडेअकरा होतात, आणि तिकडचं ऑफिस चारला सुटतं तेव्हा आपल्याकडे संध्याकाळचे साडेसात. या आठ तासांत तिचा जीव टांगणीला असायचा आणि साडेसातनंतर ती जेवायची. घरी आईने देव पाण्यात ठेवले होते. तिने स्वतः टॅरोच्या पत्त्यांचा एक डेक आणला होता आणि रोज सकाळी एक पत्ता काढत होती. प्रश्न एकच, "होईल का?" अकरा दिवसांत अकरा पत्ते झाले होते. एक दिवस सन आला तेव्हा ती खूश, दुसऱ्या दिवशी टॉवर आला तेव्हा रडली, आणि आदल्या दिवशी एट ऑफ वाँड्स, म्हणजे आठ काठ्यांचा पत्ता, उलटा आला होता. मोबाइलवर शोधल्यावर "विलंब, अडथळा, निराशा" असं वाचायला मिळालं, म्हणून ती माझ्याकडे आली.

"ताई, उलटा आला म्हणजे नाही, असंच ना?"

तिला मी आधी हेच सांगितलं की रोज तोच प्रश्न विचारून रोज नवा पत्ता काढला, तर सगळे पत्ते मिळून आपल्याच मनाचा आलेख काढतात. पहिल्या पत्त्याचं उत्तर आवडलं नाही म्हणून दुसरा काढला की पहिल्याचाही आधार जातो. उलट्या पत्त्याचा "विलंब" हा अर्थही मुळातला नाही. आज आपल्याकडे बहुतेकांच्या हातात जो डेक असतो त्याची चित्रं पामेला कोलमन स्मिथने आर्थर एडवर्ड वेटच्या सूचनांनुसार काढली आणि तो 1909 साली लंडनमध्ये निघाला. वेटने या पत्त्याचा उलटा अर्थ दिला आहे तो मत्सर, घरातली किंवा मनातली भांडणं आणि सदसद्विवेकाची टोचणी असा. वेग उलटा केला की विलंब, हे नंतरच्या वाचकांनी तर्काने जोडलं. तो तर्क अगदीच चुकीचा नाही, पण टोचणी हा शब्द मी तेव्हा मनात ठेवून दिला. पुढे तो कामी आला.

मांडणी

"होईल का" हा प्रश्न मी घेतला नाही. निर्णय तिच्या हातात नाही, माझ्या हातात नाही, आणि तिकडच्या निवड समितीचं मन तीन पत्त्यांत मावेल असं मी मानत नाही. आम्ही प्रश्न बदलला. "हा अर्ज आत्ता कुठे आहे?" मग पत्ते पिसण्याआधीच तीन जागा ठरवल्या आणि कागदावर लिहिल्या. पहिली, सुटलं ते. दुसरी, वाटेत आहे ते. तिसरी, अजून हातात आहे ते. जागा आधी लिहिणं महत्त्वाचं आहे, कारण पत्ता दिसल्यावर जागेला नाव दिलं की माणूस हवा तो अर्थ काढतो.

तिने पिसले, डाव्या हाताने काटले, मी वरचे तीन मांडले. थ्री ऑफ वाँड्स, एट ऑफ वाँड्स, फोर ऑफ पेंटॅकल्स. तिन्ही सुलटे.

एट ऑफ वाँड्स पाहिल्याबरोबर ती श्वास रोखून बसली. आदल्या दिवशीचाच पत्ता! यात तिला संकेत दिसला. मला तेवढा दिसला नाही. 78 पत्त्यांतून तीन काढले की कोणताही एक ठरावीक पत्ता त्यांत असण्याची शक्यता 26 वेळांत एकदा, म्हणजे फार दुर्मिळ असं काही नाही. पत्ता आला यापेक्षा तो कुठल्या जागेवर आणि कोणाच्या शेजारी आला, हे बघण्यात खरं काम असतं.

चित्रात काय आहे

तिला मी पत्ता हातात घेऊन दिसेल ते सांगायला सांगितलं. अर्थ नको, फक्त चित्र.

आठ काठ्या. सगळ्या एकाच दिशेने, तिरक्या, एकमेकींना समांतर. काठ्यांना पालवी फुटलेली, म्हणजे लाकूड जिवंत आहे. वर मोकळं आकाश, खाली हिरवी जमीन, नदी, टेकडी, आणि टेकडीवर एक लहानसं घर. मग ती बराच वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "नदी आपली वाहतेच आहे. काठ्यांचा आणि तिचा काही संबंध नाही." नद्यांची मॉडेलं करणाऱ्या मुलीलाच हे दिसावं. वर एवढी धावपळ चालली आहे आणि खाली रोजचं पाणी रोजच्या वाटेने जातं आहे. तेरा दिवसांत तिने ऑफिसातलं एक कॅलिब्रेशन अर्धवट सोडलं होतं, हे तिनेच त्यानंतर सांगितलं.

"आणखी काय नाही या चित्रात?" मी विचारलं.

"माणूस नाही."

हाच या पत्त्याचा गाभा आहे. वाँड्सचे एक ते दहा पत्ते ओळीने लावून पाहा. एक्क्यात ढगातून निघालेला हात आहे, सातव्यात उंचावर उभा राहून झुंजणारा माणूस आहे, नवव्यात डोक्याला पट्टी बांधून काठीला टेकलेला आहे, दहाव्यात ओझ्याखाली वाकलेला आहे. फक्त आठव्यात कोणी नाही, हातसुद्धा नाही. ज्याने काठ्या फेकल्या तो चित्राबाहेर राहिला आणि ज्याच्यापाशी त्या पोचणार तोही चित्राबाहेर आहे. सुटलेल्या बाणाला धनुर्धारी मधेच काही सांगू शकत नाही. अर्ज पाठवून, मुलाखत देऊन माणूस ज्या अवस्थेत असतो ती तंतोतंत हीच. म्हणून वाट पाहणाऱ्याला हा पत्ता आला की मी आधी हे सांगते की या जागेवर आता करण्यासारखं काही नाही, आणि ते तुझ्या आळसामुळे नाही.

वेटच्या वर्णनात या पत्त्याबद्दल आणखी एक गोष्ट आहे जी पुष्कळ वाचक विसरतात. त्याच्या म्हणण्याप्रमाणे या काठ्या प्रवासाच्या शेवटाकडे आल्या आहेत आणि त्या जे सुचवतात ते जवळ आहे, कदाचित उंबरठ्यावरच. हा सुरुवातीचा पत्ता नाही, पोचण्याचा पत्ता आहे. काय पोचणार, हे मात्र चित्रात कुठेच नाही. वेट शेवटी सुख असेल अशी आशा देतो, पण काठीवर "हो" किंवा "नाही" लिहिलेलं नसतं. या पत्त्यावरून "नोकरी लागणार" असं सांगणारे वाचक मी पाहिले आहेत. त्यांनी निरोप येण्याला निरोपाचा मजकूर समजलेलं असतं.

दुसरा एक धागा गोल्डन डॉन या इंग्लंडमधल्या संस्थेच्या परंपरेतला. त्यांनी या पत्त्याला वेगाचा स्वामी म्हटलं आणि त्याला धनु राशीतला बुध दिला. आपल्याकडे ज्योतिष घरोघरी असल्यामुळे हे चटकन समजतं. बुध म्हणजे निरोप, कागदपत्रं, बोलणं. धनू ही त्याच्या स्वतःच्या मिथुनेपासून सातवी रास, अगदी समोरची, आणि पाश्चात्त्य ज्योतिषात तिथे बुध कमजोर मानतात. निरोप लांबचा असतो, जोरात येतो, पण बारीक तपशील सांडत येतो. म्हणून या पत्त्यासोबत मी एक सूचना नेहमी देते की उत्तर आलं की दोनदा वाच, तारीख आणि वेळ कागदावर लिही, मगच कोणाला फोन कर. (ही रास सायन पद्धतीची आहे, आपल्या पंचांगातली नाही. दोन्हींत आज साधारण 24 अंशांचा फरक पडतो. पत्त्यावरून पंचांगात तारीख शोधायला जाऊ नये, एवढ्यासाठी हे सांगितलं.)

माझी चूक

इथपर्यंत ठीक होतं. मग तिने विचारलं, "पण ताई, कधी?" आणि मी म्हणाले, "लवकर."

हा शब्द मी बोलायला नको होता. तिने तो "या आठवड्यात" असा ऐकला. पत्त्यावर आठ आहेत म्हणून आठ दिवस, असंही तिने मनात धरलं, हे तिने मला जुलैमध्ये सांगितलं. आकड्यावरून दिवस मोजायची रीत काही वाचकांमध्ये आहे. माझा त्या रीतीवर विश्वास नाही, कारण आठ म्हणजे तास, दिवस, आठवडे की महिने हे प्रत्येक जण घडून गेल्यावर ठरवतो.

खरं तर उत्तर टेबलावरच होतं आणि मी ते नीट पाहिलं नव्हतं. डावीकडे थ्री ऑफ वाँड्स आहे. त्यात एक माणूस आपल्याकडे पाठ करून कड्यावर उभा आहे आणि लांब समुद्रातल्या जहाजांकडे पाहतो आहे. उजवीकडे फोर ऑफ पेंटॅकल्स आहे. त्यात मुकुट घातलेला एक माणूस बसला आहे, एक नाणं छातीशी कवटाळलेलं, एक डोक्यावर, दोन पायांखाली दाबलेली. एक उभा, एक बसलेला, दोघंही जागचे हलत नाहीत. सगळ्या डेकमधला सर्वांत वेगवान पत्ता दोन थिजलेल्या माणसांच्या मधे आला होता. असा शेजार असताना "लवकर" म्हणू नये. म्हणावं, "मधलं काम चालू आहे, पण दोन्ही टोकांना कोणीतरी थांबलेलं आहे. कोण, ते शोधू." एकच पत्ता काढणाऱ्यांना हा पत्ता हमखास फसवतो तो यामुळेच. तो एकटा असला की नुसता वेग दिसतो.

हातातली काठी

तिसऱ्या जागेवर आम्ही सर्वांत जास्त वेळ घालवला. जवळजवळ पाऊण तास.

अजून हातात काय आहे, असं विचारल्यावर ती आधी म्हणाली, "काहीच नाही. सगळं पाठवलं." मी म्हटलं, एकेक काठी मोजू. वहीचं पान घेतलं आणि आठ रेघा आखल्या. बायोडेटा गेला. अर्जाचं पत्र गेलं. दोन्ही पदव्यांची प्रमाणपत्रं गेली. प्रबंधाचा सारांश गेला. इंग्रजीच्या परीक्षेचे गुण गेले. मुलाखत झाली. कॉलेजातल्या मार्गदर्शक सरांचं नाव संदर्भासाठी दिलं आणि त्यांना तसं कळवलंही. सात झाल्या.

आठव्या रेघेवर तिची पेन्सिल थांबली.

पहिल्यांदा ती म्हणाली, "आईला मी अजून नीट सांगितलं नाही की किती वर्षं." ते खरं होतं, पण आईचा तिकडच्या ऑफिसशी संबंध नाही. मग म्हणाली, फ्लॅटचं डिपॉझिट. तेही नव्हे. फोर ऑफ पेंटॅकल्समधला माणूस भीतीने धरून बसलेला असतो, नुसता विसरलेला नसतो. म्हणून मी विचारलं, "या अर्जात असं काय आहे जे सोडलं तर पुण्यातलं काहीतरी हातचं जाईल?"

तिचा चेहरा उतरला. फॉर्ममध्ये संदर्भासाठी दोन नावं द्यायची होती. दुसरं नाव तिने सध्याच्या ऑफिसातल्या साहेबांचं दिलं होतं आणि शेजारच्या चौकटीत खूण केली होती की उमेदवाराला विचारल्याशिवाय संपर्क करू नये. साहेबांना ती दुसरीकडे अर्ज करते आहे याचा पत्ता नव्हता. मुलाखतीच्या शेवटी तिकडच्या बाईंनी म्हटलं होतं की सध्या तुझ्याबरोबर काम करणाऱ्या कोणाशी तरी आम्हाला बोलायला आवडेल. ती म्हणाली होती, "मी कळवते."

आणि कळवलं नव्हतं.

तेरा दिवस ती त्यांच्या उत्तराची वाट पाहत होती आणि ते तिच्या. निदान तशी दाट शक्यता होती. नॉर्वेत मुलाखतीनंतर संदर्भ देणाऱ्यांना फोन करून सविस्तर बोलायची पद्धत पक्की आहे. तो फोन होईपर्यंत पुढचं पाऊल सहसा पडत नाही. "मी कळवते" हे आपण आपल्याकडे सौजन्याने म्हणतो, विषय संपवायला. तिकडे ते शब्दशः घेतात.

आदल्या दिवशीच्या उलट्या पत्त्यातली टोचणी ती हीच. तिला हे माहीत नव्हतं असं नाही. ते तिने नजरेआड ठेवलं होतं. तिच्या मनातलं पत्त्यांनी बाहेर काढलं एवढंच मी म्हणेन, त्याहून मोठा दावा करणार नाही.

पुढे काय झालं

तिने लगेच मेल करावा असं मी सुचवलं नाही. साहेबांना दुसऱ्याच्या तोंडून कळण्याआधी तिने स्वतः सांगावं, एवढं म्हणाले. तिने बुधवारी, 25 जूनला सांगितलं. चहाच्या वेळी नाही, केबिनमध्ये जाऊन, दार लावून. ते थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "फोन आला तर मी खरं तेच सांगेन." दुसऱ्या दिवशी दुपारी एकला तिने तिकडे चार ओळींचा मेल पाठवला आणि त्याच दिवशी पाचच्या आत त्यांचा उलट मेल आला की धन्यवाद, आम्ही पुढच्या आठवड्यात फोन करू. 1 जुलैला फोन झाला. पंचवीस मिनिटं. साहेबांनी नंतर तिला सांगितलं की तिकडच्यांनी कौशल्यापेक्षा जास्त हेच विचारलं की मोजमाप चुकलं तर ही मुलगी ते कबूल करते का.

सोमवार ते मंगळवार, आठ दिवसांत तीन गोष्टी हलल्या. इथे मला वाटलं, काठ्या उतरल्या.

मग पुन्हा शांतता. 7 जुलैला तिने एक आठवणीचा मेल केला आणि चार मिनिटांत उत्तर आलं. तिने मेल उघडायच्या आधीच मला फोन लावला, "ताई, आलं!" मी फोनवर असतानाच तिने वाचलं. ते आपोआप जाणारं रजेचं उत्तर होतं, 28 जुलैपर्यंत ऑफिसात नाही. तिचा आवाज खाली गेला तो अजून आठवतो. दोनदा वाच, मग फोन कर, ही सूचना याच क्षणासाठी होती, आणि अशा क्षणी ती कोणालाही आठवत नाही.

जुलैत नॉर्वेत तीन आठवडे सामूहिक सुट्टीचे असतात. कारखाने, बांधकामं, अनेक कार्यालयं जवळजवळ बंद असतात आणि निर्णय घेणारी माणसं एकाच वेळी जागेवर नसतात. आपल्याकडे गणपतीच्या दहा दिवसांत एखाद्या कामाचं उत्तर मागितलं तर जे होईल तेच तिकडे जुलैत होतं. हे कोणत्याही पत्त्यात दिसत नाही. दूरच्या नोकरीसाठी वाट पाहणाऱ्याने पत्ते काढण्याआधी त्या देशाचं सुट्टीचं कॅलेंडर उघडावं. मीही ते 23 जूनला उघडायला हवं होतं. आता मी तशी विचारणा आधीच करते.

5 ऑगस्टला उत्तर आलं. नकार. जागा दुसऱ्या उमेदवाराला दिली होती. कारणही स्पष्ट लिहिलं होतं की त्यांना बर्फ धरणाऱ्या नद्यांमधल्या पाण्याच्या मुखांचा प्रत्यक्ष अनुभव असलेली व्यक्ती हवी होती. खडकवासल्याच्या आसपास शिकलेल्या मुलीकडे तो कुठून असणार.

या वेळी तिने मेल दोनदा वाचला होता. फोनवर ती रडली नाही. तिने विचारलं, "मग पत्ता चुकला का?"

हा प्रश्न मला टाळायचा नव्हता. पत्ता ज्या जागेवर होता ती जागा होती "वाटेत आहे ते". वाटेत होतं ते पोचलं. साडेसातपर्यंत ऑफिसच्या घड्याळाला लटकून राहणं संपलं. "निकाल" अशी जागा आम्ही मांडलीच नव्हती. ती नाही मांडली म्हणून आज मी सुटले असं मला म्हणायचं नाही. ती मुद्दाम मांडली नव्हती, कारण तिथे आलेल्या कुठल्याही पत्त्यावर तिने दोन महिने घर बांधलं असतं. चुकलं ते माझं "लवकर". जूनच्या 23 पासून ऑगस्टच्या 5 पर्यंत 43 दिवस होतात, आणि ज्याचा जीव टांगणीला आहे त्याला 43 दिवस लवकर वाटत नाहीत.

दुसरी एक गोष्ट मला जास्त लागली. हातातली काठी सोडायला मी तिला मदत केली, पण सुटलेली काठी परत येत नाही, आणि तिला किंमत असते. साहेबांना आता माहीत आहे की ही जायच्या तयारीत आहे. ऑगस्टमध्ये एक दीड वर्षाचं नवं मॉडेल आलं ते त्यांनी दुसऱ्या सहकाऱ्याकडे दिलं. राग म्हणून नाही. मधेच सोडून जाणाऱ्याच्या भरवशावर दीड वर्षाचं काम कोण देईल? मी तिला 23 जूनला फोर ऑफ पेंटॅकल्सबद्दल सांगताना धरून ठेवण्यातली भीती सांगितली, पण त्याच चित्रात त्या माणसामागे एक अख्खं शहर उभं आहे आणि त्याच्याकडची नाणी खरी आहेत, हे सांगितलं नाही. तो उगाच धरून बसलेला नाही. सोडलं तर काय जाईल, हे तिने कागदावर लिहून मग निर्णय घ्यायला हवा होता. मी तिला आठवी रेघ दाखवली आणि तिथेच थांबले. मी हे तिच्याजवळ बोलले. तिचं म्हणणं पडलं की तरी तिने सांगितलंच असतं. तिचं खरं असेल. पण तेव्हा तिने ते तोलून सांगितलं असतं.

सप्टेंबरच्या मध्यावर, गणपती विसर्जन होऊन गेल्यावर, ती पुन्हा आली. आता फिनलंडमधल्या एका जागेसाठी अर्ज केला होता. बसल्या बसल्या तिने पिशवीतून वही काढली. डाव्या पानावर काय काय पाठवलं त्याची यादी होती, तारखांसकट. उजव्या पानावर वर लिहिलं होतं "हातात", खाली एकच ओळ होती, आणि तिच्यापुढे कंसात साहेबांचं नाव आणि "सांगितलं, 9 सप्टेंबर". त्याखाली तिकडच्या सुट्ट्या. मी पत्ते पिसायला दिले. मधल्या जागेवर सेव्हन ऑफ पेंटॅकल्स आला, कुदळीला टेकून झुडपावरच्या नाण्यांकडे पाहणारा तो तरुण. या पत्त्यात तारीख नसते, मी म्हणाले. "माहीत आहे," ती म्हणाली, आणि वहीत तिसरी जागा कोणती ते लिहू लागली.